हार जड आहे, पण सोनं कशात जास्त?

*ताई, आईच्या मागे तिचे तीन दागिने आम्हा दोघी बहिणींत सारखे वाटायचे आहेत. बांगड्यांची जोडी २४.६० ग्रॅम, शिक्का २२ कॅरेट ९१६. हार ३१.२० ग्रॅम, शिक्का १८ कॅरेट ७५०, त्यात निळे खडे आहेत आणि पावतीवर ‘खडे ६.५० कॅरेट’ असं लिहिलंय. साखळी ८ ग्रॅम, १४ कॅरेट ५८५. धाकटी म्हणते, हार सगळ्यात जड, म्हणजे सोनंही त्यातच जास्त. मी २२ मधून १८ वजा करून चार टक्क्यांचा फरक धरला होता. मग कॅल्क्युलेटरवर २२ भागिले २४ केलं तर ९१.६७ आलं आणि १४ चं ५८.३३. शिक्क्यांवर मात्र ९१६ आणि ५८५. एका ठिकाणी कमी, एका ठिकाणी जास्त. शिक्का खरा मानू की गणित? कुणावर अन्याय व्हायला नको.*

चार टक्क्यांचा हिशोब आधी पुसून टाका, कारण वाटणी सगळ्यात जास्त तिथेच चुकेल. टक्क्यांत पूर्ण म्हणजे १००, कॅरेटमध्ये पूर्ण म्हणजे २४. दागिन्यातल्या धातूच्या वजनाचे २४ सारखे भाग कल्पा. त्यातले २२ भाग सोन्याचे आणि दोन भाग चांदी-तांब्यासारख्या हिणाचे असले, की ते २२ कॅरेट. म्हणजे एक कॅरेट हा चोविसावा भाग झाला, आणि १०० चा चोविसावा भाग ४.१६६७ येतो. बांगड्या आणि हार यांच्यात असे चार भाग कमी-जास्त आहेत, म्हणून फरक जवळजवळ १६.६७ टक्क्यांचा आहे, चारचा नाही. बांगड्यांच्या धातूत ९१.६७ टक्के सोनं, हाराच्या धातूत ७५ टक्के.

हे तोंडी करायची एक सोपी रीत आहे, कॅल्क्युलेटर जवळ नसला तरी चालतं. कॅरेटला चारनं गुणा आणि त्यात मूळ कॅरेटचाच सहावा भाग मिळवा. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, बाविसाचा सहावा भाग ३.६७, बेरीज ९१.६७. अठरा चोक बहात्तर, सहावा भाग ३, बेरीज ७५. चौदा चोक छप्पन्न, सहावा भाग २.३३, बेरीज ५८.३३. पुष्कळ जण नुसतं चारनं गुणून थांबतात. मग २२ कॅरेट ८८ टक्के होऊन बसतं आणि दर २५ ग्रॅममागे जवळजवळ एक ग्रॅम सोनं हिशोबातून गळून जातं. तो सहावा भाग विसरू नका.

आता शिक्का. ९१६, ७५०, ५८५ हे टक्के नाहीत, हजारातले भाग आहेत. हजार ग्रॅम धातूत ९१६ ग्रॅम सोनं, असा त्याचा अर्थ. टक्के हवे असतील तर शेवटच्या अंकाआधी दशांशचिन्ह ठेवायचं: ९१.६, ७५.०, ५८.५. तुमच्या गणितात आणि शिक्क्यात जो बारीक फरक दिसतोय तो कुठून येतो ते पाहा. हजाराला चोवीसनं भागलं तर ४१.६६६... असा न संपणारा आकडा येतो, कारण हजाराला तीननं पूर्ण भाग जात नाही आणि चोवीसमध्ये तीन दडलेला आहे. म्हणून ज्या कॅरेटला तीननं भाग जातो तेवढीच हजाराच्या मापात स्वच्छ उतरतात: ९ कॅरेटचे ३७५, १८ चे ७५०, २१ चे ८७५. बावीसला तीननं भाग जात नाही, तिथे ९१६.६६... येतात आणि शिक्का मारताना मागचं शेपूट सोडून ९१६ लिहितात. हाराच्या बाबतीत तुमचं गणित आणि शिक्का बिनतक्रार जुळले ते अठराला तीननं भाग जातो म्हणून.

चौदाची गोष्ट वेगळी. तिथे गणितानं ५८३.३३ येतात. जुन्या सोव्हिएत दागिन्यांवर खरोखरच ५८३ असा शिक्का सापडतो. पण आज दागिन्यांसाठी बहुतेक ठिकाणी धरली जाणारी शुद्धता ५८५ आहे आणि ‘१४ कॅरेट’ हे तिचं बोलीतलं नाव आहे. म्हणजे तुमच्या साखळीतल्या सोन्याचं प्रमाण नावापेक्षा किंचित जास्त आहे, शिक्का खोटा नाही.

कुणावर विश्वास ठेवायचा, असं विचारलंत. शिक्क्यावर. कॅरेट हे दर्जाचं नाव, आणि त्या दर्जाच्या धातूत निदान किती सोनं असायला हवं ते हजारातला आकडा सांगतो. तो किमान आकडा आहे. कसणाऱ्याला बांगडीत ९१७ किंवा ९१८ सापडले तरी शिक्का ९१६ चाच बसतो. तेव्हा वाटणीच्या कागदावर तिन्ही दागिन्यांना शिक्क्याचे आकडेच लावा. काहींना कॅल्क्युलेटर लावा, काहींना शिक्का, असं करू नका. आणि या फरकानं जीव घाबरा करू नका. तुमच्या २४.६० ग्रॅमच्या बांगड्यांत ९१६ धरलं तर २२.५३ ग्रॅम सोनं होतं, ९१.६७ टक्के धरलं तर २२.५५. साखळीतही ५८.३३ आणि ५८.५ यांच्यातला फरक १३ मिलिग्रॅमचा आहे. दोन्ही तफावती इतक्या लहान आहेत की बांगड्या स्वच्छ धुऊन पुन्हा काट्यावर ठेवल्या तर निघालेल्या मळानंही वजन तेवढं हलेल.

खरी गफलत कॅरेट या शब्दात आहे, आणि तुमच्या पावतीवर ती समोरच उभी आहे. सोन्याचं कॅरेट हे प्रमाण आहे, खड्याचं कॅरेट हे वजन आहे. इंग्रजी लिहिणाऱ्यांपैकी काही जण दोन्हींसाठी वेगळं स्पेलिंग वापरतात, आपल्याकडे लिहायला एकच शब्द आहे. दोन्हींचं मूळही एकच. भूमध्य समुद्राच्या काठच्या कॅरोब झाडाच्या शेंगेतली बी पूर्वी वजनाला वापरत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं सॉलिडस हे सोन्याचं नाणं अशा २४ मापांच्या वजनाचं होतं, आणि चोविसात मोजायची रीत तिथून आली असं मानलं जातं. पुढे एक कॅरेट चोविसावा भाग म्हणून सोन्याकडे राहिलं, दुसरं वजन म्हणून रत्नांकडे गेलं. रत्नांचं कॅरेट आज ठरलेलं आहे: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. त्यामुळे पावतीवरच्या ६.५० कॅरेटची १८ कॅरेटशी तुलनाच होत नाही. ६.५० ला पाचानं भागा, १.३० ग्रॅम येतात. हारातल्या खड्यांचं ते वजन, आणि त्यात सोनं नाही.

म्हणून हाराचं धातूचं वजन ३१.२० वजा १.३०, म्हणजे २९.९० ग्रॅम. त्याचे ७५ टक्के २२.४३ ग्रॅम. बांगड्यांत २२.५३. काट्यावर हार बांगड्यांपेक्षा साडेसहा ग्रॅमहून जास्त भरला, तरी त्यात सोनं बांगड्यांपेक्षा दहा-अकरा सेंटिग्रॅमनं कमीच आहे. आता हेच खडे वजा न करता केलं असतं तर? ३१.२० चे ७५ टक्के २३.४० ग्रॅम, म्हणजे हारात बांगड्यांपेक्षा पाऊण ग्रॅमहून जास्त सोनं आहे असं ठरलं असतं. धाकटीचं म्हणणं बरोबर निघालं असतं आणि वाटणी चुकली असती. तिला हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. जड दिसणारं ते जास्त, हे तिचं वाटणं स्वाभाविक आहे. मीही सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्यांच्या दागिन्यांचा हिशोब खडे न काढता मांडला होता. तो कागद मला दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन परत घ्यावा लागला. तेव्हापासून मी वजनाच्या आकड्याशेजारी ‘खड्यांसह’ किंवा ‘खड्यांविना’ हे शब्द लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. तुम्हीही लिहा.

पावतीवरचं खड्यांचं वजन बरोबर आहे का, हा पुढचा प्रश्न. खडा निखळून पुन्हा बसवला असेल, बदलला असेल, किंवा पावती दुसऱ्याच हाराची असेल, तर हिशोब हलतो. खडे मोजा आणि पावतीवर संख्या असेल तर जुळवा. आणखी एक बघा. खड्यांच्या मागची बाजू उघडी आहे की पत्र्यानं बंद? बंद असेल तर आत लाख किंवा मेण भरलेलं असू शकतं. तेही काट्यावर चढतं आणि पावतीत बहुतेक वेळा वेगळं लिहिलेलं नसतं. बाहेरून ते मोजता येत नाही. मागची बाजू बंद निघाली, तर दागिने घडवणाऱ्याकडून खड्याचं एक घर उघडून पाहून घ्या. एका घरातल्या भरणाचं वजन कळलं की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. मागची बाजू उघडी असेल आणि खडा प्रकाशात आरपार दिसत असेल, तर माझा वरचा आकडा टिकेल.

डोळ्यांनी तुलना करायला गेलं की आणखी एक फसगत होते. टक्के हे वजनाचे आहेत, आकारमानाचे नाहीत. सोनं फार घन असतं, एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. चांदी १०.५ आणि तांबं सुमारे ९. त्यामुळे हीण वजनानं थोडं असलं तरी जागा बरीच घेतं. अठरा कॅरेटमध्ये हीण अर्धं चांदीचं आणि अर्धं तांब्याचं असेल, तर वजनात ७५ टक्के असलेलं सोनं जागेत जेमतेम ६० टक्के भरतं. तुमच्या बांगड्या त्याच साच्यात, त्याच जाडीच्या १८ कॅरेटमध्ये घडवल्या असत्या, तर त्या सुमारे २१.३ ग्रॅमच भरल्या असत्या आणि सोनं १६ ग्रॅमच्या आसपास असतं. दिसायला त्या तितक्याच, सोन्यात मात्र साडेसहा ग्रॅमची तूट. आपल्या भाषेतला ‘हिणकस’ हा शब्द इथूनच आला, कसात हीण मिसळलेलं ते हिणकस. पुढे तो वाईटाला चिकटला. तसं १८ कॅरेट मुळीच वाईट नाही. निव्वळ सोनं इतकं मऊ असतं की खडा पकडून ठेवणारे काटे त्याचे केले तर ते लवकर वाकतात, म्हणून खड्यांच्या कामाला १८ कॅरेट बरं पडतं. आईचा हार १८ चा असण्यामागे बहुधा हेच कारण असावं.

घनतेचा एक उपयोग तुम्हाला घरीच करता येईल, बांगड्यांपुरता. त्या भरीव असतील आणि त्यांत खडे नसतील तरच. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. मग दोन्ही बांगड्या बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येईल तितकं पाणी बांगड्यांनी बाजूला सारलं. बांगड्यांचं कोरडं वजन त्या आकड्यानं भागलं की घनता मिळते. २२ कॅरेटला हीण नुसत्या चांदीचं की नुसत्या तांब्याचं यावरून ती १७.६ ते १८ च्या दरम्यान येते, म्हणजे तुमच्या बांगड्यांना काट्यावर १.३६ ते १.४० ग्रॅम दिसायला हवेत. १.५४ ते १.६४ दिसले तर ती घनता १८ कॅरेटची. पण या रीतीला मर्यादा आहे. २१ कॅरेटची घनता १७.५ पर्यंत जाते आणि काट्याच्या एका सेंटिग्रॅमच्या चुकीनं तुमचं उत्तर ०.१३ नं सरकतं. त्यामुळे २२ आणि १८ वेगळे ओळखता येतील, २२ आणि २१ नाही. पोकळ बांगडीत हवा अडकलेली असेल तर आकडा भलताच येईल, तो सोडून द्या.

शंका उरली तर तपासणीच्या ठिकाणी क्ष-किरणाच्या यंत्रावर दागिना ठेवतात. मिनिटाभरात टक्के सांगतं आणि दागिन्याला ओरखडाही उठत नाही. मात्र ते वरच्या अगदी पातळ थराचं उत्तर देतं. दागिन्यावर मुलामा असेल, किंवा चमक आणताना आम्लात उकळून पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलं असेल, तर आत आहे त्यापेक्षा जास्त सोनं दिसतं. उलट, मापाचा बिंदू जोडावर पडला तर कमी दिसतं, कारण जोडाला लावलेल्या डाकात सोन्याचं प्रमाण कमी असू शकतं. साखळीत कडी-कडीला डाक असतो. म्हणून साखळी वितळवली तर निघणारा कस शिक्क्यापेक्षा थोडा उतरलेला मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त साखळीतच. यंत्रावर तपासाल तर प्रत्येक दागिना दोन-तीन जागी तपासायला सांगा आणि हाराची कडी व फासा वेगळा तपासा. फासा मागाहून बदललेला असू शकतो, आणि शिक्का तेवढ्या फाशावरच असेल तर तो हाराची हमी देत नाही. शिक्का हाराच्या अंगावर आहे की फाशावर, हे भिंगातून आजच बघा. नेमकं उत्तर आगीत कसून मिळतं, पण त्यासाठी धातूचा तुकडा कापावा लागतो. आईच्या दागिन्याला मी तरी ते सुचवणार नाही.

आता वाटणी. साखळीत ८ ग्रॅमचे ५८.५ टक्के, म्हणजे ४.६८ ग्रॅम सोनं. एका बहिणीनं बांगड्या घेतल्या आणि दुसरीनं हार आणि साखळी, तर पहिलीकडे २२.५३ आणि दुसरीकडे २७.११ ग्रॅम जातं. फरक ४.५७ ग्रॅम (हे आकडे मी पूर्ण दशांशांनी काढून शेवटी गोल केले आहेत). इथे बहुतेकांचा पाय घसरतो, दुसरीनं पहिलीला पूर्ण ४.५७ ग्रॅम द्यावेत असं वाटतं. तसं केलं तर पहिलीकडे २७.११ होतील आणि दुसरीकडे २२.५३, म्हणजे अन्याय फक्त जागा बदलेल. द्यायचा तो फरकाचा अर्धा, २.२९ ग्रॅम. मग दोघींकडे २४.८२ ग्रॅम राहतात.

हे २.२९ ग्रॅम चोख सोन्याचे आहेत, हे कागदावर ठळक लिहून ठेवा. पैशांत द्यायचे असतील तर त्या दिवशीच्या चोख सोन्याच्या भावानं गुणा. २२ कॅरेटच्या भावानं गुणलंत तर कस दोनदा वजा होईल: एकदा तुम्ही दागिन्याच्या वजनाला ९१६ किंवा ७५० लावलंत तेव्हा, आणि पुन्हा त्या भावात आधीच धरलेला आहे म्हणून. दोघींना २२ कॅरेटचाच भाव वापरायचा असेल तर वजन आधी त्या मापात न्या. २.२९ ला ०.९१६ नं भागा, २.५० ग्रॅम येतील, आणि त्या अडीच ग्रॅमला २२ कॅरेटचा भाव लावा. रक्कम जवळपास तीच निघायला हवी. निघाली नाही तर कुठेतरी कस दोनदा लागला आहे किंवा लागायचा राहून गेला आहे.

खड्यांची किंमत आणि घडणावळ मी यात धरलेली नाही. निळे खडे मौल्यवान असतील तर ते दुसऱ्या बहिणीच्या पारड्यात पडतात आणि वरचा २४.८२ चा समतोल फक्त सोन्यापुरता राहतो. खड्यांची पारख वेगळ्या जाणकाराकडून करून घ्या. ती रक्कमही अर्धीच पलीकडे जाईल.